सोडामाईड की ब्युटिल लिथियम? ९-ट्रायकोसाईनच्या निमित्ताने

घरमाशीच्या मादीचा गंध, म्हणजे मस्कालूर, हा रासायनिक भाषेत (Z)-९-ट्रायकोसीन. तो करण्याची एक सरळ वाट अशी: आधी तेवीस कार्बनांची ९-ट्रायकोसाईन बांधायची, मग लिंडलार उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन तिहेरी बंधाचा सिस दुहेरी बंध करायचा. दुसरी पायरी फारसा त्रास देत नाही. डोकेदुखी पहिलीत आहे: १-डेकाईनच्या टोकाचा हायड्रोजन काढायचा आणि तिथे १-ब्रोमोट्रायडेकेनचे तेरा कार्बन जोडायचे. हायड्रोजन काढायला द्रव अमोनियातला सोडामाईड घ्यावा की टीएचएफमधला ब्युटिल लिथियम, हा खरा प्रश्न. दोन्ही चालतात, पण दोन्ही सारखे चालत नाहीत.

दोन्ही मुळात का चालतात हे आधी पाहू, कारण पुढच्या चुका तिथूनच उगवतात. इथेनचा पीकेए सुमारे ५०, इथीनचा ४४ आणि असिटिलीनचा २५. पहिले दोन आकडे थेट मोजलेले नाहीत, आडवळणाने काढलेले अंदाज आहेत, त्यामुळे एक-दोन अंकांवरून वाद घालू नये. पण क्रम पक्का आहे, आणि त्याचे कारण हायड्रोजन गेल्यावर मागे उरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीत आहे. ती जोडी कार्बनच्या ज्या कक्षकात बसते, त्यात एस-कक्षकाचा वाटा अल्केनमध्ये २५ टक्के, अल्कीनमध्ये ३३ टक्के आणि अल्काईनमध्ये ५० टक्के असतो. एस-कक्षक केंद्रकापाशी दाट असतो. त्यामुळे sp कक्षकातली जोडी केंद्रकाच्या जवळ, घट्ट धरून ठेवलेली असते आणि ऋणभार तिथे सुखाने राहतो. अनेक जण इथे 'पाय-बंधाशी अनुस्पंदन' असे उत्तर लिहितात. ते चूक आहे. ही जोडी तिहेरी बंधाच्या रेषेतच, बाहेरच्या बाजूला असते, पाय-बंधांशी काटकोनात. तिथे अनुस्पंदनाला जागाच नाही.

पंचवीस म्हणजे मात्र बळकट आम्ल नव्हे. सोडियम हायड्रॉक्साईडने टोकाचा हायड्रोजन काढायला गेलात, तर पाण्याचा १५.७ आणि इथला २५ यांतला फरक आडवा येतो: अब्जात जेमतेम एखादा रेणू आयन होतो. अमोनियाचा पीकेए पस्तिसाच्या आसपास आहे, म्हणून सोडामाईडबरोबर समतोल निदान दहाच्या दहाव्या घाताइतका आपल्या बाजूने झुकतो. ब्युटेनचा तर ५०, तेव्हा ब्युटिल लिथियमबद्दल बोलायलाच नको. रेणूत कुठे साधा दुहेरी बंध असेल तर त्याच्या विनाइलिक हायड्रोजनला सोडामाईड हात लावू शकत नाही, आणि ब्युटिल लिथियमला कागदावर जमले तरी या परिस्थितीत ते इतके सावकाश असते की गृहीत धरू नये. उलट रेणूत मोकळा ओएच गट असेल तर आधी तोच हायड्रोजन देईल. मग एक तर आम्लारी दुप्पट घ्यायची, नाही तर ओएच झाकून ठेवायचा.

तेव्हा बळाच्या बाबतीत दोघेही पुरेसे आहेत. निवड बळावर करायची नाही.

आता अमोनियाची बाजू, आणि तिला तिचे श्रेय द्यायला हवे. १-डेकाईन विकत न घेता असिटिलीन आणि १-ब्रोमोऑक्टेन यांच्यापासून करायची असेल, तर अमोनियाला पर्याय शोधू नये. सुमारे −३३ अंशांवर उकळणाऱ्या अमोनियात चिमूटभर फेरिक नायट्रेट टाकून सोडियमचे तुकडे सोडायचे. आधी गडद निळा रंग येतो, हायड्रोजन निघतो, आणि निळा जाऊन करडे गढूळ मिश्रण झाले की सोडामाईड तयार. निळा रंग शिल्लक असताना घाई करू नका. तो मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा रंग आहे. ते हॅलाइड खातात आणि पुढे तयार झालेल्या अंतर्गत अल्काईनचा ट्रान्स अल्कीन करतात, आणि माशीला सिस हवा असतो. बाटलीतला तयार सोडामाईड वापरणार असाल तर पांढरा-करडाच घ्या. पिवळा किंवा तपकिरी पडलेल्या जुन्या सोडामाईडमध्ये स्फोटक ऑक्सिडित पदार्थ असू शकतात. तो खरवडत बसू नये, न हलवता नष्ट करायला द्यावा.

मग असिटिलीन सोडायचा. नळकांड्यातला असिटिलीन असिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो आणि असिटोनचा पीकेए विसाच्या आसपास, म्हणजे तो असिटिलीनपेक्षाही आम्लधर्मी. वायू कोरड्या बर्फाच्या सापळ्यातून आणि मग संहत गंधकाम्लातून नेला नाही, तर तुमचा महागडा आम्लारी असिटोनवर खर्ची पडतो. एवढे सांभाळले की सोडियम असिटिलाइड अमोनियात शांतपणे एकेरी आयन म्हणून राहतो आणि ब्रोमोऑक्टेन घातल्यावर १-डेकाईन देतो. असिटिलीन जादा ठेवला तर दोन्ही बाजूंनी जोडून होणारी ९-ऑक्टाडेकाईन थोडीच मिळते. लिथियमचा एकेरी असिटिलाइड टीएचएफमध्ये मात्र गरम होऊ लागला की मोडतो: दुहेरी लिथियमयुक्त न विरघळणारा गाळ तळाशी आणि असिटिलीन हवेत. इथे अमोनियाला पूर्ण गुण.

अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. १-डेकाईनची सोडियम लवणे आणि १-ब्रोमोट्रायडेकेन, दोघांच्याही अंगावर लांब तेलकट शेपट्या. द्रव अमोनिया त्यांना नीट विरघळवत नाही. भांड्यात हॅलाइडचा तेलकट थर वेगळा पडतो, ढवळणी कितीही जोरात फिरवली तरी प्रक्रिया थरांच्या सीमेवरच रेंगाळते. ईथर किंवा डायमिथाइल सल्फॉक्साईड ओतल्याने फरक पडतो, पण किती पडेल हे आधी सांगणे कठीण. तोवर अमोनिया उडत राहतो.

आणि अर्धवट राहिलेल्या प्रक्रियेची खोड अशी की ती दिसतच नाही. ९-ट्रायकोसाईन आणि १-ब्रोमोट्रायडेकेन हे दोन्ही अध्रुवी आहेत. सिलिकाच्या पट्टीवर हेक्झेनमध्ये चढवले तर दोघेही थेट वरच्या टोकाला जाऊन बसतात. पट्टी परमँगनेटमध्ये बुडवली की अल्काईन पिवळा डाग देते, ब्रोमाइड काहीच देत नाही. म्हणजे एक तृतीयांश हॅलाइड शिल्लक असताना पट्टीवर एकच सुबक डाग दिसतो आणि माणूस खूश होतो. स्तंभावरही ते वेगळे होत नाहीत, उच्च निर्वातातले ऊर्ध्वपातनच करावे लागते. माझ्या लेखी निवड इथेच ठरते: जी पद्धत हॅलाइड पूर्ण संपवते तीच खरी. बाकी गैरसोयी सोसता येतात.

टीएचएफची पद्धत ते काम करते, पण स्वतःहून नव्हे. टीएचएफमध्ये लिथियम असिटिलाइडचे रेणू एकमेकांना धरून झुपके करून राहतात, साध्या ब्रोमाइडकडे बघतही नाहीत. त्यांना सोडवायला लिथियमला जोराने धरणारा विद्रावक हवा. जुना पर्याय एचएमपीए; प्राण्यांमध्ये तो कर्करोगकारक ठरला आहे, म्हणून त्याऐवजी डीएमपीयू.

२० मिलिमोल हॅलाइडसाठी प्रमाण असे. कोरड्या टीएचएफमध्ये, ५० मिलिलिटर, नायट्रोजनखाली १-डेकाईन ३.३ ग्रॅम, म्हणजे २४ मिलिमोल. −७८ अंशांवर १.६ मोलर ब्युटिल लिथियम १४.४ मिलिलिटर, थेंब थेंब, साधारण पाव तासात. हे २३ मिलिमोल होतात, अल्काईनपेक्षा मुद्दाम थोडे कमी, कारण उरलेला ब्युटिल लिथियम हॅलाइडवर जातो. अर्ध्या तासाने ० अंशांवर आणायचे आणि मग डीएमपीयू १५ मिलिलिटर. हा −२० च्या आसपासच गोठतो, त्यामुळे −७८ ला ओतला तर चिखल होतो आणि ढवळणी अडकते. नंतर १-ब्रोमोट्रायडेकेन ५.३ ग्रॅम, थोड्या टीएचएफमध्ये विरघळवून. सामान्य तापमानावर रात्रभर. अमोनियम क्लोराईडच्या संपृक्त द्रावणाने थांबवा, हेक्झेनमध्ये काढा आणि पाण्याने तीन-चारदा धुवा, म्हणजे डीएमपीयू पाण्याबरोबर जातो. जादा १-डेकाईन १७४ अंशांच्या आसपास उकळते, ती निर्वातात सहज निघून जाते. जादा ठेवायचे ते उडून जाणारे आणि कमी ठेवायचे ते न सुटणारे, एवढाच या प्रमाणामागचा विचार. पूर्ण उत्पन्न मिळाले तर ६.४ ग्रॅम.

टीएचएफ नीट वाळवलेला नसेल तर काय होते? समजा त्यात ०.०५ टक्के पाणी राहिले. ५० मिलिलिटरमध्ये ते २२ मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिलिमोल, आणि तेवढा ब्युटिल लिथियम ब्युटेन होऊन गेला. वरच्या प्रमाणात २१.८ उरतात, हॅलाइडला अजूनही पुरतात. नेमके २० घेतले असते तर हॅलाइड शिल्लक राहिला असता आणि पट्टीने ते सांगितले नसते. बाटली जुनी असेल तर तिचे अनुमापन करूनच घ्या, लेबलवरचा आकडा खरा असेलच असे नाही.

प्रक्रिया संपली की नाही हे एनएमआरला विचारा. ३.४० च्या आसपास ब्रोमाइडशेजारच्या CH2 चा त्रिक दिसला तर हॅलाइड शिल्लक आहे. १.९४ चा बारीक त्रिक म्हणजे १-डेकाईन अजून निघालेली नाही. २.१३ ला चार हायड्रोजनांचा गठ्ठा हवा. अवरक्त वर्णपटात ३३१० ची टोकाची रेषा गेलेली असावी. मात्र तिहेरी बंधाची रेषा दिसत नाही म्हणून घाबरू नका: दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या साखळ्या असल्या की ती फारच क्षीण होते.

हॅलाइडही निवडून घ्यावा. प्राथमिक ब्रोमाइड ठीक, आयोडाइड आणखी वेगवान. आयोडाइड असेल तर डीएमपीयू कमी करून पाहायला हरकत नाही. दुय्यम हॅलाइडवर दोन्ही पद्धती सारख्याच नापास होतात: असिटिलाइड बऱ्यापैकी प्रबळ आम्लारी असल्याने तो जोडण्याऐवजी हायड्रोजन खेचून अल्कीन करतो. सायक्लोहेक्झिल ब्रोमाइडपासून मुख्यतः सायक्लोहेक्झीनच मिळते. ग्रिन्यार करून पाहण्याचा मोहही टाळावा. इथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड टोकाचा हायड्रोजन छान काढतो, पण तयार झालेला मॅग्नेशियम असिटिलाइड अल्डिहाइडसाठी चांगला, साध्या अल्किल हॅलाइडसाठी नाही.

ज्यांच्याकडे अमोनियाची सोय, कोरड्या बर्फाचा संघनक आणि चांगला धूरकक्ष आहे, त्यांनी १-डेकाईन अमोनियात करावी आणि दुसरा टप्पा टीएचएफमध्ये. एकच पद्धत शिकायला वेळ असेल आणि १-डेकाईन विकत मिळत असेल, तर मी ब्युटिल लिथियमच्या बाटलीकडे हात नेईन.