चांगली क्लिप परत काढायची तर नोंद कुठे ठेवावी: फाइलमध्येच, शीटमध्ये की शेजारच्या मजकूर-फाइलीत?

एआयकडून व्हिडिओ क्लिपा काढताना प्रॉम्प्ट जपून ठेवणारे पुष्कळ जण आहेत. पण महिन्याभराने तोच प्रॉम्प्ट टाकला की भलतीच क्लिप समोर येते. सीड, म्हणजे क्लिपची सुरुवात ठरवणारा आकडा, लिहून ठेवला होता, तरीही. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सीडसोबत आकार आणि लांबी यांची नोंद नसते, किंवा असते ती ढोबळ असते. त्यामुळे नोंद कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी या तीन गोष्टी एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत ते पाहू.

उदाहरणाला वान २.१ घेतो. अलिबाबाने फेब्रुवारी २०२५ मध्ये खुलं केलेलं हे व्हिडिओ मॉडेल अनेक जण घरच्या संगणकावर कम्फीयूआय या प्रोग्रॅममधून चालवतात. समजा, कौलारू घरावर कोसळणाऱ्या पावसाची क्लिप करायची आहे: ८३२×४८०, ८१ फ्रेम, सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांहून किंचित जास्त. मॉडेल सुरुवात करतं ती निव्वळ गोंगाटापासून, आणि तो गोंगाट सीडवरून तयार होतो. हा गोंगाट पूर्ण आकारात नसतो. रुंदी आणि उंची आठ-आठ पटींनी लहान केलेली असते आणि वेळ चार पटींनी. म्हणून इथे २१ थर, प्रत्येकात ६० ओळी आणि दर ओळीत १०४ आकडे, असे १६ संच भरले जातात.

आता हीच क्लिप उभी हवी म्हणून ४८०×८३२ केलं, सीड तोच ठेवला. आकड्यांची एकूण संख्या तेवढीच, क्रमही तोच, पण आता दर ओळीत ६०च आकडे बसतात. दर थरात पहिली ओळ सोडली तर प्रत्येक आकडा वेगळ्या जागी जाऊन पडतो आणि घर, झाड, पाऊस, कॅमेऱ्याची हालचाल सगळं बदलतं. लांबी ८१ वरून ४९ फ्रेम केली तर थर २१चे १३ होतात आणि पुन्हा तेच घडतं. सीड हा आकार आणि लांबी ठरल्यानंतरच अर्थपूर्ण होतो, म्हणून नोंदीत तिन्ही एकाच ओळीत हवेत.

शिवाय ते पिक्सेलमध्ये आणि फ्रेममध्ये लिहावेत. ‘१६:९, ५ सेकंद’ असं लिहिलं तर ८३२×४८० की १२८०×७२० हे कळत नाही, आणि ८३२×४८० तर काटेकोरपणे १६:९ नाहीच. फ्रेमचा आकडाही चारच्या पटीत अधिक एक असा लागतो: ४९, ८१ वगैरे.

फाइलमध्येच नोंद

कम्फीयूआय आपली सगळी मांडणी तयार झालेल्या फाइलमध्येच लिहून ठेवू शकतं. फाइल पडद्यावर ओढून टाकली की सीडसकट सगळे नोड, म्हणजे मांडणीतले ठोकळे, परत उभे राहतात. एका माणसाने एकाच संगणकावर काम करायचं असेल तर यात कष्ट शून्य, आणि हाताने टंकताना होणाऱ्या चुकाही नाहीत. पडद्यावरचा सीड बघून लिहिण्यात तर एक खास धोका आहे. सीडखालचा `control_after_generate` हा पर्याय `randomize` वर असेल तर काम रांगेत लावताक्षणी तिथे पुढच्या वेळेचा सीड येऊन बसतो. क्लिप आवडली म्हणून तुम्ही जो आकडा उतरवता, तो त्या क्लिपचा नसतोच. फाइलमधला मात्र खरा असतो.

पण ही नोंद नाजूक आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली, एडिटिंगमधून एक्सपोर्ट केली, की ती गेलीच म्हणून समजा. उलट मूळ फाइल ग्राहकाला दिली तर तुमचा प्रॉम्प्टही त्याच्या हाती जातो. आणि ‘पावसाच्या क्लिपांपैकी कॅमेरा स्थिर असलेली कोणती?’ हे शोधायला प्रत्येक फाइल उघडावी लागते. माझ्या मते हा विमा आहे, त्याला वही म्हणता येणार नाही.

शीट

शोधायचं, चाळायचं, दोन क्लिपांची तुलना करायची, ग्राहकाला ‘हिरवा कंदील मिळालेल्या’ तेवढ्याच दाखवायच्या, तर शीटला तोड नाही. एका ओळीत फाइलचं नाव, मॉडेल फाइलचं पूर्ण नाव, सीड, रुंदी, उंची, फ्रेम, स्टेप्स, सीएफजी, सॅम्पलर ही सेटिंग्ज आणि पूर्ण प्रॉम्प्ट, नकारात्मक प्रॉम्प्टसह. वेग वाढवणारं काही चालू असेल, उदाहरणार्थ टीकॅश, तर तेही. त्याने चित्र बदलतं. शेवटी एक रकाना फक्त ‘का आवडली’ यासाठी.

शीट दगा देते ती मात्र नेमक्या याच आकड्यांवर. एक्सेलमध्ये `16:9` टंकलं की ती वेळ समजली जाते आणि १६:०९ दिसू लागतं. एक्सेल आकड्याचे १५च अंक जपतं, त्यामुळे `1043726518890437` हा सोळा अंकी सीड चिकटवला की शेवटचा ७ जाऊन तिथे ० येतो. सीड एका अंकाने चुकला म्हणजे पूर्ण चुकला, जवळपासची क्लिप मिळत नाही. म्हणून पहिली ओळ भरण्याआधीच ते रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यावेत. नंतर केलं तर गेलेला अंक परत येत नाही.

शेजारची मजकूर-फाइल

क्लिपच्याच नावाची, त्याच फोल्डरमधली छोटी फाइल:

```
{
  "file": "paus_kaul_014.mp4",
  "seed": "1043726518890437",
  "width": 832, "height": 480,
  "frames": 81, "fps": 16
}
```

सीड अवतरणचिन्हांत ठेवल्याने तो मजकूर राहतो, कोणी गोल करत नाही. फोल्डर दुसऱ्या डिस्कवर गेलं तर नोंदही सोबत जाते. दोघं-तिघं मिळून काम करत असाल, किंवा स्क्रिप्टने रात्रभर क्लिप काढत असाल, तर मी हीच निवडेन, कारण फाइल स्क्रिप्टच लिहिते. हाताने मात्र हे कोणी आठवडाभरही नीट करत नाही.

जुन्या क्लिपांची नोंदच नसेल तर निदान आकार आणि फ्रेम फाइलवरून काढता येतात:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height,r_frame_rate,nb_frames -of csv=p=0 paus_kaul_014.mp4
```

उत्तर `832,480,16/1,81` असं यायला हवं. `32/1` दिसलं तर नंतर फ्रेम वाढवल्या आहेत, तो आकडा नोंदीत घालू नये.

घरी चालवत असाल की ऑनलाइन सेवा?

निवड मुख्यतः यावर ठरते. स्वतःच्या संगणकावर एकट्याने काम असेल तर फाइलमधली नोंद चालू ठेवा आणि फक्त आवडलेल्या क्लिपा शीटमध्ये उतरवा. सगळ्याच उतरवायला गेलात तर शीट दहा दिवसांत बंद पडेल.

ऑनलाइन सेवेत गणित वेगळं आहे. गूगलच्या वीओ ३ या व्हिडिओ मॉडेलच्या एपीआयमध्ये सीड देता येतो, पण तोच निकाल मिळेल याची हमी नाही, असं गूगलच्याच कागदपत्रांत म्हटलं आहे. मॉडेल त्यांच्याकडे बदलतं, काही सेवा तुमचा प्रॉम्प्टही आतल्या आत फुलवून घेतात. तिथे नोंद ठेवायची ती पुन्हा त्याच दिशेने जाता यावं म्हणून. क्लिप हवीच असेल तर मूळ फाइल उतरवून ठेवणं हाच उपाय, सेवेच्या ‘हिस्टरी’वर विसंबू नये.

घरच्या नोंदीची परीक्षा मात्र लगेच घ्यावी. कम्फीयूआय बंद करून पुन्हा उघडा, सीड `fixed` वर ठेवा, शीटमधली ओळ पाहून सगळं नव्याने भरा आणि दोन्ही क्लिपांची पहिली फ्रेम शेजारी ठेवा. कौलांची रचना तीच असेल तर ओळ पुरेशी आहे. घरच वेगळं आलं तर सीड, आकार, फ्रेम किंवा मॉडेल फाइल यांपैकी काहीतरी चुकलं आहे. घर तेच पण पागोळ्या किंवा पानं थोडी वेगळी दिसली, तर आधी टीकॅशसारख्या गोष्टी आणि स्टेप्स तपासा. ग्राफिक कार्ड किंवा मॉडेल ज्यावर चालतं त्या पायटॉर्चची आवृत्ती बदलली की असे बारीक फरक येऊ शकतात, आणि तिथे कोणतीही नोंद तंतोतंत क्लिप परत देईलच असं नाही. म्हणून या दोघांची नावं शीटच्या माथ्यावर एकदा लिहावीत आणि बदलली की नवीन टॅब उघडावा.