यूएसबी डीव्हीडी रायटर, काही महिन्यांच्या वापरानंतर: याला सगळं वाचता येतं, हीच अडचण

घरातली जुनी व्हिडिओ शूटिंग्ज डीव्हीडीवर उतरवायला हा बाहेरून जोडायचा रायटर घेतला. लिहिण्याबद्दल तक्रार नाही. आवाज थोडा जास्त आहे आणि सुरुवातीला तो करंट जास्त ओढतो, म्हणून हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावलेला बरा. खरा प्रश्न वेगळाच निघाला. इथे झकास चालणारी डिस्क टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की थोडा वेळ गरगर, आणि मग स्क्रीनवर "No Disc".

याचं कारण असं की रायटर स्वतः लिहिणारा असल्यामुळे त्याला अर्धवट डिस्कही कळते. डीव्हीडी-आरवर आजवर काय काय लिहिलं याची नोंद आतल्या बाजूच्या एका खास पट्ट्यात ठेवली जाते आणि रायटर ती थेट वाचतो. साधा प्लेअर तिकडे बघतच नाही. त्याला डिस्कच्या सुरुवातीला लीड-इन आणि शेवटी लीड-आउट अशा खुणेच्या पट्ट्या लागतात, आणि या दोन्ही पूर्णपणे लिहिल्या जातात त्या डिस्क फायनलाइज केल्यावरच, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद केल्यावरच. त्यामुळे ज्या ड्राइव्हने बर्न केली त्याच ड्राइव्हमध्ये "बघा, चालतेय की" म्हणण्याला काही अर्थ नाही.

माझ्याकडे लिनक्स आहे, म्हणून अडलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालून हे चालवलं:

```
dvd+rw-mediainfo /dev/sr0
```

उत्तरात बरंच काही येतं, पण बघायची ओळ एकच, `Disc status`. माझ्या डिस्कवर तिथे `appendable` होतं, म्हणजे पुढे आणखी भर घालता येईल अशी उघडी डिस्क. सॉफ्टवेअरने "नंतर फाइल्स जोडता येतील" हा पर्याय आपणहून चालू ठेवला होता. डिस्क फेकायची गरज पडली नाही, नंतरही बंद करता येते:

```
growisofs -M /dev/sr0=/dev/zero
```

याला वेळ लागतो. डिस्कवर थोडाच मजकूर असेल तर उलट जास्तच लागतो, कारण डीव्हीडी-आरवर ठरावीक अंतरापर्यंत रिकामी जागाही भरावी लागते. मध्येच अडकलं समजून केबल काढू नका. नंतर ओळीत `complete` आलं आणि टीव्हीखालच्या प्लेअरने तीच डिस्क मुकाट्याने उचलली.

विंडोजवाल्यांनी कोरी डिस्क घातल्यावर येणारा प्रश्न नीट वाचावा. "Like a USB flash drive" निवडलं तर फाइल्स टाकायला सोपं जातं, पण टीव्हीच्या प्लेअरसाठी ती डिस्क उपयोगाची नाही. तिथे "With a CD/DVD player" हवं. शिवाय एमपी४ फाइल नुसती कॉपी केली म्हणजे डीव्हीडी-व्हिडिओ होत नाही. जुना प्लेअर `VIDEO_TS` फोल्डर शोधतो आणि तो ऑथरिंग सॉफ्टवेअरनेच बनवावा लागतो.

आता दुसरा आजार, आणि यात मला जास्त डोकं घालावं लागलं. डिस्क `complete`, मेनू येतो, सिनेमा तासभर चालतो आणि शेवटाकडे चित्राचे चौकोन पडून गाडी थांबते. "No Disc" नाही, म्हणजे फायनलाइजचा प्रश्न नाही. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि वेगाने लिहिताना सर्वात जास्त वेग बाहेरच्या कडेलाच असतो. डिस्कमधला लिहिण्याचा रंगद्रव्याचा थर कमअस्सल असेल तर चुका तिथेच वाढतात. चांगला ड्राइव्ह त्या दुरुस्त करून घेतो, थकलेल्या लेझरचा प्लेअर हात टेकतो.

पडताळायला तीच आयएसओ फाइल, तोच १६एक्सचा वेग आणि दोन वेगळ्या खोक्यांतल्या डिस्क घेतल्या. एक शेवटपर्यंत चालली, दुसरी त्याच जागी अडली. गंमत म्हणजे दोन्हींवर नाव एकाच ब्रँडचं. वरच्याच कमांडमध्ये `Media ID` बघितला तर दोन्हींचे कोड वेगळे होते, म्हणजे आतली डिस्क वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली. तेव्हापासून मी खोक्यावरचं नाव बघत नाही, कोड बघतो. वेग ८एक्सवर आणल्यावर वाईट खोक्यातल्या डिस्कही बऱ्याच सुधारल्या. अगदी कमी वेग मात्र प्रत्येक वेळी चांगला नसतो. १६एक्ससाठी बनलेल्या डिस्कवर तो कधी कधी उलटा पडतो.

आरडब्ल्यू डिस्क मी आता फक्त चाचणीला ठेवल्यात. एकदाच लिहायच्या डीव्हीडीवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो, आरडब्ल्यूवरून १८ ते ३० टक्केच, आणि जुने प्लेअर तेवढ्यावर डिस्क ओळखतातच असं नाही. मेनू नीट बनलाय का हे कॉम्प्युटरवर बघून घ्यायला त्या ठीक.

रायटर म्हणून पाचपैकी चार. एक गुण कापला तो सोबतच्या सॉफ्टवेअरसाठी: फायनलाइजची चौकट शेवटच्या पानावर, "प्रगत" पर्यायांच्या आत लपवली आहे आणि मुळात ती बंद असते.