साडेनऊ टक्के 2031 पर्यंत? आत्याचा बाँड 2025 मध्येच परत घेतला

माझी आत्या निवृत्त शिक्षिका. 2023 च्या मध्यात तिच्या बँकेतल्या माणसाने तिला एका खासगी फायनान्स कंपनीचे बाँड विकले. कूपन, म्हणजे दर्शनी किमतीवर वर्षाला मिळणारं व्याज, 9.50 टक्के, मुदत 2031 पर्यंत. 10 लाख दर्शनी किमतीसाठी तिने 10 लाख 60 हजार मोजले. "थोडा प्रीमियम जातोय, पण आठ वर्षं व्याजाची चिंता नाही. यील्ड 8.4 टक्के पडतं," असं तो म्हणाला.

यील्ड म्हणजे मोजलेल्या पैशांवर वर्षाला पडणारा परतावा. हा 8.4 चा आकडा खोटा नव्हता, पण बाँड 2031 पर्यंत टिकला तरच तो खरा ठरणार होता. बाँडच्या अटींच्या कागदात, म्हणजे टर्म शीटमध्ये, कॉल ऑप्शनची ओळ होती: 2025 च्या मध्यानंतर कंपनी दर्शनी किमतीला बाँड परत घेऊ शकते. कंपनी बाँड परत घेऊ शकत नाही त्या काळाला कॉल प्रोटेक्शन म्हणतात, आणि बाँड आत्याच्या हातात आला तेव्हा ते फक्त दोन वर्षांचं उरलं होतं. हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि टर्म शीट पैसे भरल्यानंतर मेलवर आली.

फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.50 वरून 5.50 वर आणला. बाजारात दर उतरले की कंपनीला नवं कर्ज स्वस्तात मिळतं. समजा ती आता 8 टक्क्यांनी पैसे उभे करू शकते, तर 100 कोटींच्या जुन्या बाँडवर साडेनऊ टक्के देत राहणं म्हणजे वर्षाला दीड कोटी जास्त मोजणं. म्हणून ती जुने फेडून नवे काढते. दर चढले असते तर तिने कॉल केलाच नसता, आणि आत्या कमी व्याजाच्या बाँडमध्ये अडकून राहिली असती. निवड दोन्ही वेळेला कंपनीच्या हातात, आणि त्यासाठी आत्याने वर 60 हजार दिलेले.

रिडेम्प्शनची, म्हणजे पैसे फेडून बाँड परत घेण्याची, नोटीस आली आणि 10 लाख खात्यात जमा झाले. दोन वर्षांचं व्याज 1 लाख 90 हजार, त्यातून प्रीमियमचे 60 हजार गेले. हाती उरले 1 लाख 30 हजार, म्हणजे वर्षाला साधारण 6.2 टक्के. 2023 मध्ये बँकेची एफडीसुद्धा याहून जास्त देत होती. आणि परत आलेले पैसे आता उतरलेल्या दरातच गुंतवायचे. मला याचा फार राग आहे, कारण तो विक्रेता हे गणित दोन मिनिटांत करू शकला असता.

कंपनीने नियम मोडला नाही. फसवणूक विकताना झाली: यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे पूर्ण मुदतीपर्यंतचं यील्ड, सांगितलं; यील्ड टू कॉल, म्हणजे कॉलच्या तारखेपर्यंतचं यील्ड, लपवलं. प्रीमियमवर मिळणाऱ्या कॉलेबल बाँडमध्ये यील्ड टू कॉलच कमी निघतं, म्हणून दोन्हींतला छोटा आकडा धरून चालावं. तो लेखी मागा. आयएसआयएन, म्हणजे बाँडचा ओळख क्रमांक, टाकला की एनएसडीएलच्या इंडिया बाँड इन्फो साइटवर बाँडची माहिती मिळते. कॉल ऑप्शन आहे का, असल्यास कधीपासून आणि कोणत्या किमतीला, एवढं तिथे आणि टर्म शीटमध्ये पाहून मगच पैसे भरा. आत्याची तक्रार सध्या बँकेकडे आहे, आणि तिच्याकडे त्या माणसाचा फक्त 8.4 टक्के लिहिलेला व्हॉट्सअॅप मेसेज आहे.