सांगलीतले दोन फ्लॅट: गावभाग की विश्रामबाग?

दोन्ही टू बीएचके. गावभागातला दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा पण स्वस्त. विश्रामबागचा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेला, महाग. फ्लॅट बघायच्या आधीच घरातल्यांनी मिळून कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यायचं, याची १०० पैकी वजनं ठरवली. बघून आल्यावर वजनं ठरवली, तर ती आवडलेल्या घराकडेच झुकतात. मग दोन्ही घरांना प्रत्येक निकषावर गुण दिले.

| निकष | वजन | गावभाग | विश्रामबाग |
|---|---|---|---|
| पुरापासून सुरक्षितता | ३० | ३ | ९ |
| किंमत | ३० | ८ | ५ |
| आजींची ये-जा | २० | ५ | ८ |
| बाजार, शाळा | २० | ९ | ६ |
| वजन × गुण, बेरीज | | ६१० | ७०० |

विश्रामबाग ९० ने पुढे. पण पुराचं वजन २० आणि किंमतीचं ४० करून पाहिलं, तर दोघांचेही बरोबर ६६० होतात! म्हणजे सगळा निकाल या दोन वजनांवरच टेकलाय. वाद घालायचा तर तिथेच घालावा, बाजार-शाळेच्या गुणांवर नको.

इथे तक्त्याची मर्यादाही कळते. बेरजेत स्वस्त किंमत पुराची उणीव भरून काढते, प्रत्यक्षात तसं होत नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली होती. दुसऱ्या मजल्यावर घर कोरडं राहीलही, पण खालचे वीजमीटर, पाण्याची मोटर, गाड्या बुडाल्या की वरच्यांचंही वीज-पाणी बंद. म्हणून सुरक्षिततेला किमान ५ गुण हवेतच, ही अट बेरजेआधी लावावी. गावभागचा हा फ्लॅट तिथेच बाद होतो. शेजाऱ्यांना जिन्यावरची पाण्याची खूण मात्र जरूर विचारा. त्याच भागात उंचावरची इमारत मिळाली, तर गुण बदलतील.