चिखल्यांवर नऊ ट्यूब, मग अंगठ्याच्या नखावर वर्ष: मधुमेहीचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये केळीच्या मृगबागेची, म्हणजे पावसाळी लागवड चालू होती. यावल तालुक्यात पावसाच्या त्या दिवसांत केळीत उतरणाऱ्या कुणालाही चिखल्या नवीन नाहीत. उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट यांच्या मधली कातडी पांढरी, भिजट झाली आणि रात्री खाज सुटायला लागली. मी 56 वर्षांचा, साखर 11 वर्षांपासून. मेडिकलवाला म्हणाला, "भाऊ, ही ट्यूब न्या, तीन दिवसांत खाज बंद." खाज खरोखर तीन दिवसांत बंद झाली. त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

आठव्या दिवशी ट्यूब बंद केली. पंधरा दिवसांत खाज परत, आणि या वेळी तळव्यापर्यंत. जून ते नोव्हेंबर असं नऊ ट्यूब संपवल्या. डॉक्टरची फी वाचते म्हणून मी हा हिशोब आनंदाने करत होतो, याचा आता राग येतो.

ट्यूबवर बारीक अक्षरात चार औषधं होती: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. मला पुढे पूर्ण वर्षभर खटकत राहिलेली गोष्ट म्हणजे त्यातलं पहिलं नाव. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड आहे. ते बुरशी मारत नाही. बुरशीविरुद्ध कातडीला येणारी सूज, लाली आणि खाज तेवढी दाबतं. म्हणून आपल्याला वाटतं बरं झालं, आणि खाली बुरशी निवांत पसरते. शिवाय कातडी पातळ होते. ही अक्षरं वाचायला मला चष्मा आणि भिंग दोन्ही लागले.

नोव्हेंबरात बायकोने मोजा धुवायला घेतला आणि विचारलं, "अहो, हे रक्त कसलं?" बोटाच्या बेचक्यात भेग पडली होती, पाऊल लाल आणि गरम झालं होतं, अंगात ताप होता, साखर 310. मला दुखत नव्हतं. बुरशीने उघडलेल्या भेगेतून जिवाणू आत गेले होते. जळगावच्या रुग्णालयात आधी चार दिवस शिरेतून प्रतिजैविक दिलं. नंतर पायाला स्पर्श कळतो का हे पाहायला डॉक्टरांनी 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला लावून पाहिला. दहापैकी सहा ठिकाणी मला तो कळलाच नाही. मग खाज थांबली की थांबायचं, हे माझं मोजमाप माझ्या पायाला लागूच नव्हतं.

इथपर्यंत मी सगळा दोष ट्यूबला देत होतो. मत बदललं ते त्वचारोगतज्ज्ञांकडे. त्यांनी आधी बोटांकडे नाही, अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं. ते पाच-सहा वर्षांपासून पिवळं, जाड आणि खालून भुसभुशीत होतं. ठेच लागल्यामुळे तसं झालं असं मी समजत होतो. त्या म्हणाल्या, "काका, बी इथे साठलेलं आहे. तुम्ही नुसतं पान पुसताय." म्हणजे स्टिरॉइड नसलेलं साधं मलम लावलं असतं तरी माझं दुखणं परत आलंच असतं, कारण मलम जाड नखातून खाली पोचत नाही.

लगेच गोळी दिली नाही, हे मला आवडलं. नखाखालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात विरघळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहिले. जाड नख म्हणजे बुरशीच असं नसतं, सोरायसिस किंवा मारामुळेही तसं होतं. नंतर यकृताची रक्ततपासणी झाली. मग बुरशी मारणारी टर्बिनाफिनची गोळी, 250 मिलिग्रॅम, रोज एक, 12 आठवडे. मी साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेतो का, हे त्यांनी आवर्जून विचारलं. बुरशीवरची दुसरी गोळी, फ्लुकोनाझोल, त्याच्यासोबत घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पूर्वी शेजाऱ्याने मला तीच गोळी सुचवली होती.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी ठरलं ते नखावरचं निशाण. गोळी सुरू केली त्या दिवशी निरोगी नख संपतं तिथे डॉक्टरांनी बारीक रेघ ओढली. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढतं, त्यामुळे पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं. रेघ पुढे सरकली आणि तिच्या मागे स्वच्छ नख आलं, तर औषध चालतंय. रेघेच्या मागेच पिवळं आलं, तर नाही. आपल्याकडे आता टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशीही आहे, तेव्हा कल्चर करून, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, दुसरं औषध ठरवतात.

गोळ्या मार्चच्या सुरुवातीला संपल्या, पण औषध नखात बरेच महिने टिकतं. आज जुलै. रेघ अकरा मिलिमीटर पुढे गेली आहे, मागचं नख गुलाबी आहे. जुने गमबूट फेकले. पाय धुतल्यावर बेचकी कोरडी करतो, रोज रात्री बायको बॅटरी लावून तळवे पाहते. पुढची तपासणी ऑक्टोबरात, केळीच्या कांदेबागेच्या लागवडीआधी.