कोकम सिरपच्या गिफ्ट बॉक्सची खरी किंमत: सपाट यादी, पायरीची शीट की सॉफ्टवेअर?

कुडाळजवळ कोकम सिरप बनवणारा एक छोटा कारखाना आहे असं धरू. मालवणच्या एका हॉटेलवाल्याला त्यांच्याकडून दोन बाटल्यांचा गिफ्ट बॉक्स हवा आहे, 275 रुपयांना. घ्यावी का ही ऑर्डर? उत्तर हिशोब कोणत्या पद्धतीने मांडता त्यावर अवलंबून आहे. एकाच मालाची एका पद्धतीने 249 रुपये किंमत येते, दुसरीने 265. म्हणून तीन पद्धती याच एका बॉक्सवर लावून बघू. भाव समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

आधी माल कसा बनतो ते. बॉक्समध्ये दोन बाटल्या. एका बाटलीत पाऊण लिटर सिरप. एक लिटर सिरपला अर्धा किलो ताजी साल आणि एक किलो साखर. एक किलो सालीला दोन किलो रातांबे, कारण बी आणि गर काढल्यावर निम्मंच वजन उरतं. म्हणजे रातांबा ते बॉक्स या चार पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीला वरच्या एका नगाला खालचं किती लागतं हा आकडा असतो, आणि प्रत्येक पायरीला थोडी घट असते.

पहिली पद्धत: सपाट यादी

बहुतेक घरगुती कारखान्यांत हीच चालते. एका बॉक्सला लागणारा सगळा कच्चा माल एका खाली एक लिहायचा. दीड किलो रातांबे 45 रुपये दराने, दीड किलो साखर 45 रुपये दराने, दोन बाटल्या झाकणासह 14.70 प्रमाणे, दोन लेबलं 2.40 प्रमाणे, खोका 28.50. माल झाला 197.70. त्यावर घटीपोटी सरसकट पाच टक्के, मग सगळ्या पायऱ्यांची मजुरी 41 रुपये. एकूण साधारण 248.60. हॉटेलच्या भावात 26 रुपये सुटतात, ऑर्डर चांगली वाटते.

पद्धत वाईट नाही. माल एकच असेल, रेसिपी ठरलेली असेल आणि घट सगळीकडे सारखीच किरकोळ असेल, तर ती पुरते. पण कोकमाच्या धंद्यात घट सारखी नसतेच. रातांब्यांत ती मोठी, लेबलात नगण्य, आणि सिरपची घट तर त्याच्या आधी झालेला सगळा खर्च सोबत घेऊन जाते. सरसकट पाच टक्क्यांत यातलं काहीच दिसत नाही.

दुसरी पद्धत: पायरीची शीट

यात प्रत्येक पायरीची किंमत वेगळी काढून ती वरच्या पायरीला दर म्हणून द्यायची. तळापासून सुरुवात करू.

साल: निवडताना दहा टक्के रातांबे सडके, किडके निघतात. दोन किलो चांगली फळं हवीत तर आणायला लागतात 2 भागिले 0.90, म्हणजे 2.22 किलो. 45 रुपये दराने 100 रुपये. फोडायची, बी काढायची मजुरी 20. साल 120 रुपये किलो.

सिरप: अर्धा किलो साल 60, साखर 45, मजुरी 9, मिळून 114. पण गाळताना, भांड्याला, फडक्याला लागून पाच टक्के सिरप जातं. 114 भागिले 0.95, म्हणजे 120 रुपये लिटर.

बाटली: भरताना चार टक्के सिरप सांडतं किंवा जास्त भरलं जातं. पाऊण लिटरला 0.78 लिटर लागतं, 93.75 रुपयांचं. बाटली दोन टक्के घटीसह 15, लेबल चार टक्के घटीसह 2.50, मजुरी 4.75. बाटली 116 रुपये.

बॉक्स: दोन बाटल्या 232, खोका पाच टक्के घटीसह 30, मजुरी 3. एकूण 265.

हॉटेलच्या भावात आता सुटतात फक्त 10 रुपये.

मधले 16 रुपये कुठून आले? पहिलं कारण, घटी एकमेकींवर गुणल्या जातात. रातांब्याची दहा, सिरपची पाच, भरण्याची चार यांची बेरीज 19 होते, पण प्रत्यक्षात फळ 22 टक्के जास्त आणावं लागतं: दीडऐवजी 1.83 किलो. दुसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. सिरप सांडलं की त्यासोबत साल फोडायची आणि सिरप करायची मजुरीही सांडते. सपाट यादीत मजुरी घटीच्या बाहेर राहते, त्यामुळे शेवटच्या पायरीची घट जितकी महाग असते तितकी ती दिसत नाही. एक किलो सडका रातांबा 45 रुपयांचा, एक लिटर सांडलेलं सिरप 120 रुपयांचं. सुधारणा कुठून सुरू करायची ते यातून कळतं.

शीट बनवणं अवघड नाही. सहा रकाने: A मध्ये वरचा माल, B मध्ये खालचा, C मध्ये एका नगाला किती, D मध्ये घट, E मध्ये दर, F मध्ये खर्च. पाचव्या ओळीत F आणि E ची सूत्रं अशी:

```
=C5/(1-D5)*E5
=IF(COUNTIF(A$1:A4,B5)>0,SUMIFS(F$1:F4,A$1:A4,B5),VLOOKUP(B5,Rates!A:B,2,FALSE))
```

दुसरं सूत्र असं बघतं: हा माल आपण वरच्या ओळींत बनवला आहे का? असेल तर त्याच्या सगळ्या खर्चाची बेरीज हाच दर. नसेल तर विकतच्या भावांच्या `Rates` शीटमधून दर आणायचा. मजुरीही एक ओळच, पण प्रत्येक पायरीला वेगळ्या नावाने: साल-मजुरी, सिरप-मजुरी.

यात रेंज फक्त वरच्या ओळींपर्यंत आहे ते मुद्दाम. पूर्ण F रकाना दिला तर दर स्वतःच्याच खर्चावर अवलंबून राहतो आणि एक्सेल चक्राकार संदर्भाची तक्रार करतं. त्यामुळे तळाची पायरी सगळ्यात वर लिहायची: आधी साल, मग सिरप, मग बाटली, शेवटी बॉक्स. क्रम चुकला किंवा B मधलं नाव वेगळं लिहिलं गेलं तर `#N/A` दिसतं. ही चूक बरी, ती लपत नाही. लपणारी चूक दुसरी: कुणी तरी सिरपचा जुना दर `Rates` मध्ये लिहून ठेवतं. मग क्रम चुकला तरी शीट गप्प राहतं आणि जुना दर वापरतं. जे आपण बनवतो त्याचा दर `Rates` मध्ये कधीच ठेवू नका.

घट कुठे लिहायची हेही ठरवून घ्या. फक्त एका वस्तूची घट असेल, जसं फाटलेलं लेबल, तर ती त्याच ओळीत. पण तयार सिरप वाया जात असेल तर ते पाच टक्के सिरपच्या प्रत्येक ओळीला लावायचे, सालीला, साखरेला आणि मजुरीलाही. आणि आणलेल्या मालातला दहावा हिस्सा जातो असं मोजलं असेल तर 0.90 ने भागायचं. 1.10 ने गुणलं तर एका पायरीत फरक थोडा, पण तो वरपर्यंत साठत जातो.

बिया कोकम तेलासाठी विकल्या जात असतील तर ते पैसे सालीच्या पायरीतच वजा ओळ म्हणून घाला. बॉक्समधून थेट वजा केले तर त्याच सिरपच्या 200 मिलीच्या बाटलीला त्याचा फायदा मिळत नाही.

या पद्धतीची खरी ताकद मे महिन्याच्या शेवटी कळते. वळवाचा पाऊस लागला की रातांबे झाडाखालीच कुजतात आणि निवडताना दहाऐवजी पंचवीस टक्के फळ जातं. शीटमध्ये D चा एकच आकडा बदला. साल 140 रुपये किलो, सिरप साधारण 130 रुपये 50 पैसे लिटर, बॉक्स 281 रुपये. म्हणजे त्याच ऑर्डरीत आता प्रत्येक बॉक्समागे सहा रुपये तोटा. सपाट यादीत हे दिसलंच नसतं. हॉटेलवाल्याला वळवाच्या पावसाआधी तयार झालेलं सिरपच या भावात देता येईल, हे आधीच बोलून घेता येतं.

तिसरी पद्धत: सॉफ्टवेअर

टॅली बहुतेकांकडे असतंच. त्यात तयार मालाला बिल ऑफ मटेरियल, म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, जोडता येतं आणि उत्पादनाची मॅन्युफॅक्चरिंग जर्नल घालता येते. उपउत्पादनही त्यात नोंदवता येतं. पण त्याचा कल झालेल्या उत्पादनाकडे आहे: किती रातांबे प्रत्यक्ष गेले, किती सिरप निघालं. प्रत्येक पायरीची वेगळी जर्नल घातली तरच पायरीची किंमत दिसते. उद्या घट पंचवीस टक्के झाली तर काय, हा प्रश्न विचारायला मला शीटच सोयीची वाटते. उलट शीटमधली दहा टक्के घट खरी आहे का, हे टॅलीतल्या प्रत्यक्ष खपावरूनच तपासता येतं. म्हणून ही दोन एकत्र चालवणं मी चांगलं समजतो.

ईआरपीनेक्स्टसारखं सॉफ्टवेअर पायऱ्यांची बिलं एकमेकांना जोडतं आणि भाव बदलला की सगळी बिलं नव्याने काढू शकतं. एकच सिरप पाच-सहा मालांत जात असेल, गोदाम वेगळं असेल आणि नोंदी रोज करणारा माणूस असेल, तर ते घ्यावं. दोन-तीन माल आणि हंगामी काम असेल तर रोजच्या नोंदींचा भार फायद्यापेक्षा जड होतो. नोंदी राहिल्या की तिथली किंमतही शिळी होते.

कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी वरचंच सिरप त्यात घालून बघा. साल, साखर, मजुरी मिळून 114, घट पाच टक्के. बाटलीच्या बिलात सिरपचा दर 120 आला तर घट वर पोचते. 114 आला तर ती घट फक्त साठा कमी करते, किमतीत येत नाही. 119.70 आला तर ते भागत नाही, गुणतं. 114 आला तर प्रमाणंच वाढवून लिहा: साल 0.526 किलो, साखर 1.053 किलो, आणि मजुरी 9 ऐवजी 9.47.