मीटरवर ४६,८२० किमी, एअरबॅगच्या मेमरीत १,१८,९३०

२०१८ची डिझेल हॅचबॅक, सिंगल ओनर, रनिंग ४६,८२०, किंमत ५,६५,००० रुपये. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली. खरं रनिंग लाखाच्या वर आहे हे कळायला सहा आठवडे आणि १६,४०० रुपयांची क्लच प्लेट लागली. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, शेहेचाळीस हजाराला क्लच असा होत नाही." तोवर गाडी नावावर करायचे टीटी फॉर्म झाले होते, पैसे गेले होते.

आधी माझी बाजू सांगतो, कारण "तुम्ही बघितलं कसं नाही" हे आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. स्टिअरिंगवर नवं कव्हर, सीटवर नवी कव्हरं, क्लच आणि ब्रेकच्या पॅडलांचे रबर नवे. टायर चारही नवेच. आणि डिजिटल मीटर. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये आकडे वाकडे बसायचे, तिथे तरी शंका यायची. इथे क्लस्टरच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरच्या डब्याच्या, बोर्डवर चिप असते आणि तिच्यात एक संख्या. ती बदलली की पडद्यावर आकडा तितकाच सरळ, तितकाच चमकदार दिसतो. काही गाड्यांत स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटमधूनच काम होतं, काहींत क्लस्टर काढून चिपवर क्लिप लावावी लागते. खूण दोन्हीकडे जवळजवळ राहत नाही.

तरीही कळायला हवं होतं, आणि तो कागद माझ्या हातात होता, याचीच चीड सगळ्यात जास्त येते. दुकानदाराने स्वतःहून स्कॅन रिपोर्ट दिला, म्हणजे गाडीने नोंदलेल्या बिघाडांच्या कोडची यादी. "एकही कोड नाही, गाडी क्लीन आहे." मी 'नो फॉल्ट'वर नजर टाकली आणि कागद घडी करून खिशात घातला. खाली एक ओळ होती, कोड पुसल्यानंतर कापलेलं अंतर. त्यापुढे आकडा होता १४ किमी. म्हणजे रिपोर्ट काढण्याआधी जेमतेम १४ किलोमीटरवर कोणीतरी इंजिनची फॉल्ट मेमरी पुसली होती. जी गाडी सरळ आहे, तिची मेमरी विकायच्या तोंडावर पुसायची गरज कोणाला पडते?

ही ओळ कोणीही तपासू शकतो. ब्लूटूथचं साधं ओबीडी अडॅप्टर आणि कुठलंही टर्मिनल ॲप पुरतं. पहिली ओळ आपण टाइप करायची, दुसरी गाडीचं उत्तर.

```
0131
41 31 00 0E
```

शेवटच्या दोन जोड्या म्हणजे किलोमीटर, पण हेक्साडेसिमलमध्ये. दोन्ही साध्या आकड्यांत बदलायच्या, पहिलीला २५६ ने गुणायचं आणि दुसरी मिळवायची. `00 0E` म्हणजे १४. हेच उत्तर `E4 7A` आलं असतं तर २२८ × २५६ + १२२ = ५८,४९०. हा आकडा इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, स्वतः मोजतो, क्लस्टरला विचारून नव्हे. म्हणून मीटर ४६,८२० सांगत असताना इथे ५८,४९० आले, तर मीटर खोटा बोलतोय हे तिथेच ठरलं (ईसीयू दुसऱ्या गाडीचा बसवला नसेल, तर). कमाल आकडा ६५,५३५, त्यापुढे तो थांबतो. उलट आकडा फार लहान आला, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. प्रामाणिक गॅरेजवालाही दुरुस्तीनंतर कोड पुसतो. पण मग कुठली दुरुस्ती, बिल कुठे आहे, एवढं तरी विचारायचं. मी ते विचारलं नाही.

चोराने मात्र एक आळस केला होता. साध्या स्कॅनरने कोड पुसले की इंजिनचे आणि उत्सर्जनाशी संबंधित कोडच जातात. एअरबॅग, एबीएस, बॉडी कंट्रोल हे वेगळे कप्पे असतात आणि तिथवर पोचायला त्या कंपनीच्या गाड्या उघडणारा स्कॅनर लागतो. तसा स्कॅन ८०० रुपयांत करून घेतला. एअरबॅगच्या युनिटमध्ये एक जुना, 'इतिहास' म्हणून नोंदलेला कोड सापडला. ड्रायव्हर सीटखालच्या कनेक्टरचा रेझिस्टन्स जास्त, हा प्रकार सीट पुढेमागे करून वायर सैल झाली की होतो. कोडसोबत तो आला तेव्हाचं ओडोमीटरही होतं, १,१८,९३० किमी. कोड येताना युनिटने गाडीच्या आतल्या नेटवर्कवरचा तेव्हाचा आकडा टिपून ठेवला होता, नंतर क्लस्टर बदलला तरी ही टीप तशीच राहिली. सगळ्या कंपन्या कोडसोबत किलोमीटर ठेवत नाहीत, आणि कोड नसेल तर शोधायला काही नसतं. त्यामुळे स्कॅन कोरा आला म्हणजे मीटर खरा, असं समजू नका.

मग अधिकृत वर्कशॉपमध्ये चॅसिस नंबर देऊन जॉब कार्डं काढली. २०१९ मार्च, १९,९६० किमी. २०२१ सप्टेंबर, ७१,३०५. २०२३ फेब्रुवारी, १,०४,२१०. त्यानंतर काही नाही. दुकानदाराने मोबाईलवर दाखवलेला फोटो २०१९च्या नोंदीवरच कापलेला होता. "नंतर मालकाने बाहेर सर्व्हिसिंग केलं," म्हणे.

आता हिशेब बघा. सप्टेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२३, म्हणजे १७ महिन्यांत ३२,९०५ किमी, महिन्याला साधारण १,९३५. त्याच चालीने पुढचे २० महिने धरले, तर विकताना गाडी १,४३,०००च्या आसपास होती. तो अंदाज झाला. सिद्ध होण्यासारखी तफावत १,१८,९३० वजा ४६,८२०, म्हणजे ७२,११० किमी. जॉब कार्डवरचा आकडा मागच्या नोंदीपेक्षा कमी दिसला, तर फसवणूक शोधायला स्कॅनरसुद्धा लागत नाही. आणि मधली दोन वर्षं नोंदच नसेल, तर ती पोकळीही नोंदच समजा. नोंदी मालकाच्या मोबाईलवरच्या ओटीपीशिवाय देत नसतील, तर टोकन देण्याआधी मालकालाच वर्कशॉपच्या काउंटरवर उभं करा. मी गाडी नावावर झाल्यावर गेलो, हा शहाणपणा!

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "दिवाणी मामला आहे." फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे हे मी सांगितल्यावर उत्तर आलं, "मीटर त्यानेच मारला, हे सिद्ध करा." ते मी सिद्ध करायचं, तर यांनी काय करायचं? आरटीओत गेलो, तिथे तर गंमतच. आरसीवर किलोमीटर लिहिलेले नसतात, हस्तांतराच्या फॉर्ममध्येही नसतात, म्हणून "आमच्याकडे तफावतच नाही." जो आकडा बघून पन्नास-पन्नास हजार वर-खाली होतात, तो सरकारी कागदावर कुठेच नाही! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला पत्र पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीत आलं, आम्ही मध्यस्थ, विक्री मालकाने थेट केली. पावतीवर खरंच मालकाचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात 'आहे त्या स्थितीत'. दलाली २०,००० रुपये, तीही रोख, पावती नाही.

म्हणून पावती दुकानाच्या नावाची हवी आणि तीवर ओडोमीटरचा आकडा शाईने लिहून, सही-शिक्क्यासह. नकार आला, तर तिथूनच परत फिरा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा, 1123 म्हणजे २०२३चा अकरावा आठवडा. ४६ हजारांच्या गाडीचे चारही टायर बदललेले का, विचारा. स्टेपनीही तपासा, ती फसवायला कोणी बदलत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला २०२३ पासून परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, ते मागा.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर थोडं भरावं लागतं, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. मी मागणी १,५५,००० रुपये भावातला फरक, १६,४०० क्लच आणि ८०० स्कॅन, एकूण १,७२,२०० अशी लिहिली आहे. एअरबॅगचा तो कोड मात्र अजून पुसू दिलेला नाही. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवरच 'एअरबॅगचे कोड पुसू नये' असं लिहून घेतो, नाहीतर पोराने सवयीने बटण दाबलं की पुरावा संपला.